वारीबद्दल लिहिताना कंटाळा गाळू नका

आषाढी जवळ आली की वारीवरचे लेख छापून येऊ लागतात, आणि दोन-चार वाचल्यावर पाचव्यात काय असेल हे वाचकाला आधीच कळतं. दिवे घाटात वळणावळणानं चढणाऱ्या पताका असतात, रिंगणात धावणारा अश्व असतो, सुरकुतलेल्या चेहऱ्याची एक आजी असते, आणि शेवटी कळस दिसताच डोळ्यांत आलेलं पाणी असतं. यातलं काहीच खोटं नसतं. घाट तसाच दिसतो, अश्व तसाच धावतो आणि पाणीही खरोखर येतं. तरीही असा लेख वाचून चालून आलेला माणूस मनात म्हणतो, हे काही मी चाललो ते नव्हे. कारण त्यात जे लिहिलंय ते खरं असलं, तरी जे गाळलंय ते फार मोठं आहे. वारीवरच्या लेखनातला अप्रामाणिकपणा बहुतेक वेळा थापा मारण्यातून येत नाही, गाळण्यातून येतो. सगळ्यात आधी कंटाळा गाळला जातो, मग शंका, आणि ती दोन्ही गेली की उरलेली भावनाही वाचकाला उसनी वाटू लागते. म्हणून जे यंदा चालणार आहेत किंवा चालून आलेत आणि ज्यांना त्याबद्दल लिहायचंय, त्यांच्यासाठी या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे: भावनेचा क्षण वाचकाला पटवायचा असेल तर त्याच्या आजूबाजूचे कोरडे तास लिहावेच लागतात, आणि ते लिहायची पद्धत शिकता येते.

आधी हे कोरडे तास किती असतात ते पाहू. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, आणि तिथींच्या हिशेबानं कमी-जास्त होत अठरा-वीस दिवसांची. या सगळ्या वाटचालीत उभी आणि गोल मिळून रिंगणं मोजकी होतात, आणि अश्वाचं प्रत्यक्ष धावणं तर काही मिनिटांत आटोपतं. नीरेत पादुकांचं स्नान एकदाच होतं. दिवे घाट एकदाच चढायचा असतो. वर्तमानपत्रांतले बहुतेक फोटो या मोजक्या तासांचे असतात. उरलेल्या वेळात माणूस चालतो, पुढची दिंडी थांबली म्हणून थांबतो, टँकरसमोर बादली घेऊन उभा राहतो, पहाटे अंधारात आडोसा शोधतो, आपल्या दिंडीचा ट्रक कुठल्या शेतात लागलाय ते विचारत फिरतो, ओले कपडे कुठे वाळत घालावेत याचा विचार करतो आणि झोपतो. हा वेळ वारीच्या मधे आलेला अडथळा नव्हे. वारी बव्हंशी याच वेळाची बनलेली असते, आणि लेखात तो नसला की वारीचं मोजमापच चुकतं.

पण माणसं हा वेळ मुद्दाम लपवतात असं समजणंही बरोबर नाही. तो त्यांच्या आठवणीतूनच निघून जातो. टेरेन्स मिचेल आणि ली थॉम्पसन या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांसह 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी युरोपची सहल, सुट्टीतला मुक्काम आणि कॅलिफोर्नियातला तीन आठवड्यांचा सायकल प्रवास, अशा तीन प्रसंगांत लोकांना आधी, दरम्यान आणि नंतर त्यांच्या भावना विचारल्या. निघण्याआधी माणसं उत्साहात होती आणि परतल्यावरही आनंदानं सांगत होती. प्रत्यक्ष प्रवासात मात्र पाऊस, दमणूक, चिडचिड असं बरंच काही नोंदवलं गेलं होतं, आणि ते नंतरच्या आठवणीत फिकं पडलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्या अभ्यासांतून निघालेलं एक निरीक्षणही याला जुळतं. एखाद्या अनुभवाची आठवण ठरते ती मुख्यतः त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. तो किती वेळ चालला याला आठवण फारसं वजन देत नाही. वारीला हे लावून पाहा. तीव्र क्षण म्हणजे रिंगण, शेवट म्हणजे पंढरपूर. घरी येऊन आठवड्यानं लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती नेमकं तेवढंच उरतं. तो प्रामाणिकपणे आठवतो आणि तरीही अपुरं लिहितो. याचा अर्थ, प्रामाणिक लेखनाची सुरुवात लिहायच्या टेबलाशी होत नाही, ती वाटेवरच करावी लागते.

त्यासाठी खिशात मावणारी वही, पेन आणि पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकची पिशवी एवढं पुरतं. फोनवर बोलून नोंद करता येते, पण टाळ-मृदंगाच्या आवाजात ती नंतर ऐकताना नीट कळत नाही, आणि चार्जिंगसाठी मुक्कामावर रांग असते हेही लक्षात घ्या. दिवसातून तीनदा लिहा: सकाळी निघण्याआधी, दुपारच्या विसाव्याला आणि रात्री झोपण्याआधी. प्रत्येक नोंद चार-पाच ओळींची असावी आणि तिच्यात चार गोष्टी असाव्यात. आपण कुठे आहोत आणि किती वाजलेत. शरीरात काय चाललंय. दिंडीत त्या वेळी काय म्हटलं जात होतं. आणि आपलं मन खरोखर कुठे होतं. ही चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण तिचं उत्तर बहुतेकदा बिनमहत्त्वाचं वाटतं. मन मुलाच्या फीमध्ये असतं, कालच्या भांडणात असतं, पायाच्या फोडात असतं. तेच लिहा. विशेषणं मात्र या वहीत लिहू नका. ‘भारावून गेलो’ अशी नोंद महिन्यानंतर वाचली तर तिच्यातून काहीही परत मिळत नाही. ‘नातेपुते सोडलं तेव्हा माझ्या डावीकडचा टाळकरी सूर सोडून म्हणत होता आणि मला त्याचा राग येत होता’ अशी नोंद असेल तर तिच्यामागून ती अख्खी सकाळ परत येते. घरी आल्यावर सुचलेल्या गोष्टी वहीत भरायच्या असतील तर वेगळ्या शाईनं भरा, म्हणजे त्या वेळी काय वाटलं आणि नंतर काय वाटलं याची सरमिसळ होणार नाही.

आता कंटाळ्याकडे येऊ. लेखात ‘खूप कंटाळा आला’ असं लिहिणं म्हणजे कंटाळ्याबद्दल लिहिणं नव्हे. कंटाळ्याला कारण असतं, वेळ असते आणि आकार असतो. वारीतला कंटाळा बराचसा पुनरावृत्तीतून येतो आणि ही पुनरावृत्ती वारीच्या रचनेतच आहे. दिंडीत म्हणायच्या अभंगांचा क्रम ठरलेला असतो. सकाळी मंगलाचरण, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. वारांप्रमाणे काही अभंग बदलतात, पण साचा तोच राहतो. नवख्या माणसाला पहिले दोन दिवस शब्द ऐकू येतात. पुढे कधीतरी ते ऐकू येईनासे होतात, फक्त चाल आणि ठेका उरतो. त्यानंतर एखाद्या दिवशी एखादी ओळ अचानक पुन्हा ऐकू येते, किंवा येतही नाही. वाचकाला हवी असते ती ही हालचाल. कोणत्या टप्प्यावर शब्द सुटले, तेव्हा शेजारचे लोक काय करत होते, अनेक वर्षं चालणाऱ्या विणेकऱ्याच्या चेहऱ्यावर तेच शब्द म्हणताना काही फरक दिसत होता का, आणि आपले शब्द परत आले असतील तर कशामुळे आले, हे सगळं कंटाळ्याच्या पोटातलं द्रव्य आहे. ते टिपलं तर कंटाळ्यावरचा परिच्छेद वाचकाला कंटाळा आणत नाही. ‘रटाळ भाग वाचणार कोण?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचं उत्तरही यातच आहे. रटाळ तास जसेच्या तसे लांबीनं लिहायचे नसतात. त्यातल्या एका तासात नीट उतरायचं, आणि बाकीचे तास तसेच होते हे एका वाक्यात सांगायचं.

पुणे ते सासवड हा टप्पा उदाहरणादाखल घेऊ, कारण त्यावर सर्वांत जास्त लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं एकसारखं असतं. माउलींच्या पालखीचा हा सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, तीस किलोमीटरच्या आसपासचा. पहाटे पुणं सोडायचं. हडपसरपर्यंत तुकोबांची आणि माउलींची पालखी एकाच रस्त्यानं येतात, तिथून तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडच्या रस्त्याला लागते. शहर संपता संपत नाही. दुपारी घाटाच्या पायथ्याला वडकी, मग घाट, खाली मस्तानी तलाव, रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या, आणि अंधार पडताना सासवड. यावर नेहमी लिहिलं जाणारं वाक्य असं असतं: ‘माउलीच्या गजरात घाट कधी चढलो कळलंच नाही, थकवा कुठल्या कुठे पळाला.’ या वाक्याला आपण होऊन प्रश्न विचारा. थकवा होता, तर तो कधी सुरू झाला? घाट चढायला लागलेला वेळ खरंच कळला नाही, की तो आठवत नाही? गजर चालू होता तेव्हा मी म्हणत होतो, ऐकत होतो, की दोन्ही नाही? वहीत नोंदी असतील तर उत्तरं मिळतात आणि त्या उत्तरांतून वेगळाच परिच्छेद तयार होतो. नमुना म्हणून रचलेला हा एक परिच्छेद पाहा:

‘हडपसर मागे पडेपर्यंत मी अभंग म्हणत होते. वडकीच्या अलीकडे कधीतरी ओठ हलत राहिले आणि शब्द सुटले. टाचेचा फोड, ट्रकपाशी उशिरा पोचलो तर राहुटीत दाराजवळची जागा मिळेल का ही काळजी, आणि निघताना गॅसचा नॉब बंद केला होता की नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. घाटाच्या पहिल्या वळणावर पुढची दिंडी थांबली म्हणून आम्ही थांबलो. का थांबलो ते आमच्या ओळीत कुणालाच माहीत नव्हतं. बराच वेळ उभे राहिलो. मला वैताग आला, आणि इतक्या लोकांनी असं चालत जाण्यानं नेमकं काय होतं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मनात आला. मागच्या बाईनं काही न विचारता माझ्या पिशवीचा पिळलेला पट्टा सरळ केला आणि म्हणाली, “खांदा दुखंल, माउली.” थोड्या वेळानं रांग हलली. चालायला लागल्यावर लक्षात आलं की अभंगाचे शब्द पुन्हा ऐकू येतायत. मी मात्र म्हणत नव्हते.’

या परिच्छेदात पळून गेलेला थकवा नाही, पण वाचणाऱ्याला तो घाट पटतो. काय काय केलंय ते पाहा. कंटाळ्याला जागा दिली आहे: वडकीच्या अलीकडे. मन कुठे होतं ते तीन क्षुल्लक गोष्टींतून सांगितलं आहे. शंका थांबलेल्या रांगेत, वैतागातून आली आहे, म्हणजे ती कुठून आली ते दिसतं. पट्टा सरळ करणाऱ्या बाईला देवदूत केलेलं नाही, आणि शब्द ऐकू येण्याचा संबंध तिच्याशी जोडूनही दिलेला नाही. दोन्ही गोष्टी एकामागे एक ठेवल्या आहेत, जोडायचं की नाही ते वाचकावर सोपवलं आहे. शेवटचं वाक्य तर लेखिकेची बाजू थोडी कमकुवतच करतं, आणि त्यामुळेच आधीच्या वाक्यावर विश्वास बसतो. घाटाचं दृश्य यात एका ओळीचंही नाही. ते हवं असेल तर घालता येईल, पण ते नसल्यानं काही अडत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

शंकेबद्दल लिहिताना होणारी चूक वेगळी असते. ‘मनात अनेक प्रश्न उभे राहिले’ असं लिहून माणूस पुढे सरकतो, आणि ते प्रश्न कुणाला विचारले होते हे वाचकाला कधीच कळत नाही. वारीत येणाऱ्या शंका साधारण तीन जागी वळतात. एक देवाकडे: हे सगळं कुणापर्यंत पोचतंय का? दुसरी स्वतःकडे: मी इथे भक्तीनं आलोय, की आलो होतो असं सांगता यावं म्हणून? तिसरी माणसांच्या व्यवस्थेकडे: एकमेकांना माउली म्हणणाऱ्या या माणसांत सगळे खरोखर सारखे आहेत का? लिहिताना आपली शंका यांपैकी कोणती ते ठरवा आणि ती ज्या गोष्टीमुळे आली ती गोष्ट दाखवा. तिसऱ्या प्रकारच्या शंकेचं मराठीतलं ठळक उदाहरण इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. पालखीबरोबर चालताना त्यांनी पाहिलं की एकाच दिंडीतली, दिवसभर एकत्र भजन करणारी ब्राह्मण आणि मराठा माणसं जेवायला वेगळी बसतात. त्यांनी हे पाहिलं, त्यांना त्याचा त्रास झाला आणि त्यांनी तो लिहिला. त्याच लेखात त्यांना वारीबद्दल वाटलेलं मोठं प्रेमही आहे. एकामुळे दुसरं खोटं पडत नाही. उलट पंगतीची नोंद घेतलेली असल्यामुळे त्यांच्या प्रेमावर आजही विश्वास ठेवता येतो. आज चालणाऱ्यानंही स्वतःच्या दिंडीत नीट पाहावं: पाणी कोण भरतं, भाकरी कोण भाजतं, उशिरा कोण झोपतं, बायकांना अंघोळीला आडोसा कोण करून देतं. या प्रश्नांच्या उत्तरांतून येणारी शंका ‘अनेक प्रश्न उभे राहिले’ या वाक्यापेक्षा खूप काही सांगते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. वारी ही लाखो लोकांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, तिच्याबद्दल कंटाळा आणि शंका लिहिणं हा तिचा अवमान नाही का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण तो घेणाऱ्याच्या मनात खरी माया असते. पण त्याचं उत्तर बाहेरून आणावं लागत नाही, वारीतच ते आहे. रोज संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या तळावर उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंचावतात आणि क्षणात सगळं शांत होतं. मात्र ज्या दिंडीला तक्रार असते ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात आणि गाऱ्हाणं ऐकतात. त्याच ठिकाणी हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही पुकारल्या जातात, पुढच्या दिवशीची निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. म्हणजे दिवसाच्या सर्वांत गंभीर क्षणात गाऱ्हाण्याला जागा राखलेली आहे, आणि गाऱ्हाणं करणाऱ्याला कुणी अभक्त म्हणत नाही. संतांचं लेखन पाहिलं तरी तेच दिसतं. नामदेव विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई त्याला शिव्या घालते, तुकोबा देव भेटत नाही म्हणून तळमळतात आणि त्याला दूषणं देतात. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता आणि ते दुःख त्यांच्या अभंगांत उघड आहे. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं, म्हणजे वेदना आणि विरोध या वाटेला नवे नाहीत. शंका नसलेल्या, सदैव भारावलेल्या वारकऱ्याचं चित्र परंपरेनं दिलेलं नाही. ते आपल्या लेखांनी तयार केलं आहे.

याच आक्षेपाची दुसरी बाजू मात्र मान्य करायला हवी. शंका दाखवण्यातही अप्रामाणिकपणा होऊ शकतो. आपण इतरांसारखे भोळे नाही हे वाचकाला कळावं म्हणून काहीजण शंका पेरतात, आणि मग सहवारकरी पार्श्वभूमीवरच्या आकृत्या होऊन जातात. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुमच्या लेखात शंका फक्त तुम्हालाच येते आणि श्रद्धा फक्त इतरांनाच असते, असं झालं असेल तर काहीतरी सुटलंय. वर्षानुवर्षं चालणाऱ्यांनाही कंटाळा येतो, तेही एकमेकांवर चिडतात, ‘यंदा शेवटची’ असं म्हणतात आणि पुढच्या वर्षी येतात. विचारलंत तर सांगतातही. दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ हे 1964 सालचं पुस्तक या बाबतीत आजही उपयोगी पडतं, कारण लेखक दिवसांच्या क्रमानं चालतो, माणसांना विचारतो, त्यांची उत्तरं ऐकून घेतो आणि स्वतःच्या मनाची चलबिचलही त्यांच्याच शेजारी मांडतो. तो साक्षीदार आहे, परीक्षक नाही. इथेच एक काळजीही घ्यावी लागते. रात्री राहुटीत माणसं घरातलं दुःख बोलतात. कुणाचा मुलगा बोलत नसतो, कुणाच्या शेतावर कर्ज असतं. ते तुम्हाला सांगितलेलं असतं, छापण्यासाठी नव्हे. लिहायचं असेल तर परवानगी घ्या, नाव-गाव बदला, आणि बदललंय हे लेखात सांगा. दोन माणसांच्या हकिकती जोडून एक आजी तयार करू नका. लेखात तीच आजी वाचकाला सगळ्यांत जास्त आवडेल, आणि नेमकी तीच खरी नसेल.

आता अनपेक्षित भावनेबद्दल. ज्या ठिकाणी भावना यायला हवी असं ठरलेलं असतं तिथे ती बरेचदा येत नाही, आणि माणसं ती तिथे बळंच लिहितात. पंढरपुरात हे सर्वाधिक घडतं. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची बारी इतकी लांब असते की अनेक तास उभं राहावं लागतं, आणि प्रत्यक्ष मूर्तीसमोर काही सेकंद मिळतात. कितीतरी वारकरी बारीत उभेच राहत नाहीत. ते चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला हात लावतात, कळसाला हात जोडतात आणि वारी पावली म्हणतात. त्यांच्या लेखी ती वारी अपुरी नसते. म्हणून बारीत उभं राहून, मूर्तीसमोर पोचून जर काहीच वाटलं नसेल तर तसं लिहायला घाबरण्याचं कारण नाही. ते वाक्य साधं ठेवा: समोर पोचलो, मागून पुढे चला असा आवाज आला, डोकं ठेवलं, बाहेर आलो, मन कोरडं होतं. त्याला ‘कदाचित हाच खरा साक्षात्कार’ असलं शेपूट जोडू नका. आणि भावना जर भलत्याच ठिकाणी आली असेल, टँकरपाशी, कुणाला तरी अनोळखी माणसाचे पाय चेपताना पाहून, किंवा पंढरपूर सोडताना एसटीत, तर ती तिथेच लिहा. अशा क्षणासाठी तीनच गोष्टी द्या: त्याआधी काय चाललं होतं, शरीरात काय झालं, आणि त्यानंतर लगेच काय केलं. त्याचा अर्थ सांगायची घाई नको. ‘ही विठ्ठलाची कृपा’ हे एक स्पष्टीकरण आहे आणि ‘हे गर्दीचं मानसशास्त्र’ हेही स्पष्टीकरणच आहे. दोन्ही क्षणाच्या जागी येऊन बसतात. विठ्ठलाच्या कृपेवर तुमची श्रद्धा असेल तर ती जरूर सांगा, पण वेगळ्या वाक्यात, स्वतःचं मत म्हणून, म्हणजे श्रद्धा नसलेल्या वाचकालाही तो क्षण तुमच्याबरोबर पाहता येईल.

अनुभव घेताना वही काढली तर अनुभवच बिघडतो, असंही म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. रिंगण चालू असताना लिहीत बसलं तर ना रिंगण मिळतं ना धड नोंद. म्हणूनच वर सांगितलेल्या तिन्ही वेळा विश्रांतीच्या आहेत. चालताना, म्हणताना, आरतीला वही बंद ठेवा. काही तासांची आठवण बऱ्यापैकी शाबूत असते, महिन्याची नसते. नोंदींचा एक दुष्परिणामही ध्यानात ठेवायला हवा: वही भरायची म्हणून माणूस भावना शोधू लागतो. एखाद्या दिवशी लिहिण्यासारखं काही घडलं नाही तर ‘आज काही नाही’ एवढंच लिहा आणि त्याखाली त्या वेळी दिंडीत कोणता अभंग चालला होता ते टिपा. असे कोरे दिवस लेखात एका वाक्यानं का होईना दिसले पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय भरलेल्या दिवसांचं माप वाचकाला कळत नाही.

लेख कुठे संपवायचा हाही प्रामाणिकपणाचाच प्रश्न आहे. जवळजवळ सगळे लेख कळसापाशी थांबतात. पालखी मात्र तिथे थांबत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालखी परतीला लागते. येताना अठरा-वीस दिवसांत केलेली वाट परतवारीत साधारण निम्म्या दिवसांत तोडायची असते, टप्पे लांब असतात आणि बरोबर फारच थोडी माणसं असतात. स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात. तुम्ही परतवारी केली नसेल तरी तुमची स्वतःची परती झालेली असतेच: एसटी स्टँडवरची गर्दी, घरचं दार, पहिली अंघोळ, दुसऱ्या दिवशीचं ऑफिस, आठवडाभरानं पायाचा फोड बरा होणं, आणि वारीत ठरवलेल्या गोष्टींपैकी किती टिकल्या ते. शंका सुटली असेल तर कशी ते लिहा, आणि सुटली नसेल तर ती तशीच ठेवून लेख संपवा. छापायला देण्यापूर्वी एक कसोटी लावा. लेख अशा माणसाला वाचून दाखवा जो तुमच्याच दिंडीत चालला होता, आणि त्याला दोन प्रश्न विचारा: यात असं काय आहे जे झालंच नाही, आणि असं काय झालं जे यात नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना त्यानं बोट ठेवलेली वाक्यं काढून टाका. दुसऱ्याच्या उत्तरातलं सगळंच घालणं शक्य नसतं, पण त्यात पाण्याची रांग, चुकलेला ट्रक आणि न संपणारी दुपार आली असेल, तर त्यांतलं एक तरी लेखात आणा. ते आलं की रिंगणाबद्दल तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवर विश्वास ठेवायला वाचकाला कारण मिळेल.